जमा कोणाच्या खात्यावर

‘तुमच्या हाताला चव आहे’ हे वाक्य आमच्या अभिप्रायवहीत अधूनमधून कोणीतरी लिहून जातं. वाचून बरं वाटतं आणि लगेच अडचणही होते, कारण आमच्या कॅफेत गिऱ्हाइकाच्या पुढ्यात माझ्या हातचं असं काहीच जात नाही. माझा हात लागतो तो बिलांना, दूधवाल्याच्या हिशेबाला आणि महिनाअखेरीच्या जीएसटीच्या कागदांना.

कोथरूडमधल्या एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर आमचं दुकान आहे. कॅफे म्हणायचं ते पाटीवर तसं रंगवलंय म्हणून. मिळतं काय, तर फिल्टर कॉफी, चहा, साबुदाण्याची खिचडी, थालीपीठ, बन-मस्का. सहकारी बँकेतली नोकरी सोडून २०१४ साली मी ते सुरू केलं, तेव्हापासून गल्ल्याशेजारी एक लांबट वही दोऱ्याने बांधून ठेवलेली आहे. त्यात ‘छान’, ‘मस्त’, ‘खूप छान’ आणि ‘पार्किंग नाही’ यापलीकडे फारसं काही येत नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र दोन भरगच्च पानं आली. लिहिणारे काका जवळच राहतात, निवृत्त आहेत, आठवड्यातून दोन-तीनदा येतात. शाईचं पेन, सुवाच्य अक्षर, नीट पाडलेले परिच्छेद. कॉफीची चव कधी हलली नाही, हे पहिलं. खिचडी अकरा वाजता मागितली तरी मोकळी आणि गरम मिळते, हे दुसरं. तासभर बसलं तरी कोणी उठवत नाही, हे तिसरं. मग एका मंगळवारच्या दुपारबद्दल सबंध एक परिच्छेद. आणि शेवटी चौकशी, की कोपऱ्यातली हातांची खुर्ची दिसत नाही ती कुठे गेली? या सगळ्याचं श्रेय त्यांनी देऊन टाकलं होतं ‘ताईंना’, म्हणजे मला.

बँकेत मी बरीच वर्षं क्लिअरिंगला होते. चेक कितीही मोठा असो, तो भलत्याच खात्यावर जमा झाला की संध्याकाळी ताळा जुळत नाही. काकांच्या पानांचं तेच झालं होतं. रक्कम खरी होती, खातं चुकलं होतं.

अभिप्रायाला त्याच पानावर खाली उत्तर लिहायचं, हा आमच्याकडचा रिवाज. मध्यंतरी ते काम माझ्या भाच्याकडे होतं. तो लिहायचा, ‘आपल्या प्रेमाबद्दल मनःपूर्वक आभार, असाच लोभ असावा.’ यात वावगं काही नाही, पण ही ओळ कुठल्याही अभिप्रायाखाली चालते. दोन पानं लिहिणाऱ्याला आपलं लिहिणं कोणी वाचल्याची खूणसुद्धा त्यात सापडत नाही. मला स्वतःला अशा वेळी दुसराच मोह होतो, तो म्हणजे ‘आणखीही पुष्कळ लोक असंच म्हणतात’ हे हळूच सांगून टाकण्याचा. ते एकदा लिहिलं की काका त्या पुष्कळांतले एक होऊन जातात. आणि ‘छे छे, आमचं कसलं कौतुक’ हा विनय तर मला सरळ उद्धटपणा वाटतो. माणसाने चव घेऊन, विचार करून लिहिलंय. त्यावर ‘विशेष काही नाही’ म्हणायचं, म्हणजे तुमची जीभच चुकली असं त्याला सांगायचं. तेव्हा कौतुक परतवायचं नाही, ते ज्याचं त्याच्या नावावर टाकायचं, एवढं ठरवून मी पेन उघडलं. पण अर्ध्या पानात ही नावं मावेनात. म्हणून हा लेख.

कॉफीचं खातं अण्णांचं.

दुकान उघडल्यानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात एक वयस्क गृहस्थ आले. कॉफी मागवली, दोन घोट घेतले, पेला खाली ठेवला आणि मला विचारलं, “पाणी कुठलं?”

मी म्हटलं, “कॉफी बिघडलीय का?”

“कॉफी बरी आहे. पाणी कुठलं?”

त्या महिन्यात नळाला पाणी कमी येत होतं आणि टाकीत टँकर रिकामा होत होता. अण्णांनी बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा करायला सांगितला. तो काचेच्या ग्लासात घेऊन पाच-दहा मिनिटं तसाच ठेवला आणि मग खिडकीशी नेऊन तिरपा धरला. चहावर तेलकट दिसणारा पातळ तवंग आला होता, ग्लास हलवला की त्याचे तुकडे होत होते. रंगही मळका, लाली नाही. “बोअरचं,” अण्णा म्हणाले. नळाचं खडकवासल्याचं पाणी मऊ असतं. बोअरच्या पाण्यात जमिनीतले क्षार उतरलेले असतात आणि कॉफीतला जो किंचित आंबूस, तरतरीत भाग असतो तो हे क्षार मारून टाकतात. मागे राहतो नुसता कडवटपणा. गिऱ्हाईक म्हणतं, आज कॉफी जरा बसलेली लागली. दुकानदार पूड वाढवतो. पूड वाढवून कडूपणा वाढतो, तरतरी परत येत नाही. अण्णांनी उपाय सांगितला तो अगदी साधा होता: नळाला पाणी असेल तेव्हा दोन ड्रम भरून झाकून ठेवायचे, आणि त्यातलं पाणी कॉफी-चहाखेरीज कशाला वापरायचं नाही. आजही आमच्याकडे त्यांना ‘कॉफीचे ड्रम’ म्हणतात आणि त्यातलं पाणी कोणी भांडी विसळायला घेतलं, तर स्वयंपाकघरात आवाज चढतो.

अण्णा उडुपीकडचे. लहान वयात पुण्यात आले, उडुपी हॉटेलात कपबश्या विसळायला लागले, आणि पुढे कॉफीच्या काउंटरवर उभे राहिले ते थकेपर्यंत. निवृत्तीनंतर मुलीकडे राहायचे. त्या मे महिन्यानंतर ते सकाळी शटर अर्धं वर असतानाच येऊ लागले. पगाराचं काढलं तर म्हणायचे, “मी कामाला नाही, कॉफी प्यायला येतो. ती नीट मिळावी म्हणून बघतो.”

आमची पूड चिकमगळूरच्या अरेबिकाची, त्यात थोडा रोबस्टा आणि शंभरात वीस भाग चिकोरी. चिकोरी म्हटलं की पुष्कळ जण नाक मुरडतात, भेसळ समजतात. ते एका झाडाचं भाजलेलं मूळ आहे. त्याने रंग येतो, डिकॉक्शनला अंग येतं आणि दूध घातल्यावरही कॉफी पाणचट लागत नाही. कायद्याने अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. ते वाचून घ्यावं, एवढंच. अण्णांचं मत होतं की चिकोरी वीसच्या वर गेली की कॉफीचा काढा होतो. मला काही दाक्षिणात्य गिऱ्हाइकं तिसाचीच आवडणारी भेटली आहेत, पण अण्णांपुढे ते बोलायची सोय नव्हती.

फिल्टर पितळी, दोन मजली. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोकं. शंभर ग्रॅम पूड घातली की ती आधी सारखी करायची आणि मग दांडीच्या चकतीने दाबायची. सगळी मेख या दाबण्यात. कमी दाबलं तर पाणी धारेने खाली जातं आणि डिकॉक्शन पातळ उतरतं. जास्त दाबलं किंवा दळण फार बारीक असलं, तर पाणी वर तसंच बसून राहतं आणि मग लोक फिल्टरवर चमचे आपटत बसतात. पाणी उकळी फुटल्याबरोबर ओतायचं नाही, गॅस बंद करून मिनिटभर थांबायचं. आधी पूड भिजेल इतकंच, मग बाकीचं, सगळं मिळून सहाशे मिलिलिटर. त्यातलं दोनशेच्या आसपास पूडच पिऊन टाकते. खाली चारशे उतरतं, म्हणजे दहा-बारा पेले. अण्णा झाकणाला कान लावून बसायचे. थेंब सुटे सुटे पडले पाहिजेत, धार लागता कामा नये आणि आवाज थांबताही कामा नये. उतरल्यावर चमचाभर डिकॉक्शन स्टीलच्या वाटीत घेऊन वाटी कलती करायची. कडेला तपकिरी पदर राहून सावकाश खाली सरकला, की जमलं. पाण्यासारखं ओघळून गेलं, तर ते गिऱ्हाइकाला द्यायचं नाही.

एवढं करून उतरवलेलं डिकॉक्शन पुन्हा आचेवर ठेवायचं नाही, हा त्यांचा सगळ्यात कडक नियम. थेट तापवलं की ते करपट लागतं. गरम ठेवायचं तर भांडं गरम पाण्यात ठेवायचं, आणि सकाळचं उरलेलं दुपारी वापरायचं नाही. दूधही दर खेपेला ताजं तापवलेलं, एकदाच उकळलेलं. सुरुवातीला दुपारी एकच्या सुमाराला मोरीत ओतलेलं डिकॉक्शन बघून माझा जीव तुटायचा. बँकेची सवय, पैसे वाहताना दिसायचे. काकांनी लिहिलं की चव हलत नाही. ती का हलत नाही, याचं बरंचसं उत्तर त्या मोरीत आहे, आणि ते अण्णांनी मला ओतायला लावलं म्हणून आहे.

मजा म्हणजे हे सगळं मला तोंडपाठ आहे, पण दाब माझ्या हाताने अजून नीट बसत नाही. आमच्या काउंटरवरच्या मुलीने तो अण्णांकडून बरोबर उचलला. अण्णा जाऊन आता काही वर्षं झाली.

खिचडीचं खातं मावशींचं आणि तिथे तर माझा काडीचाही संबंध नाही.

मावशी मुळशी तालुक्यातल्या. आमच्याकडे येण्याआधी पोळी-भाजी केंद्रात रोज ढिगाने पोळ्या लाटायच्या. इथे येताना त्यांनी पगाराआधी ओट्याचं बोलणं केलं. ओटा उंच होता, त्यांची उंची कमी. “खांद्यातून ढवळावं लागतं, दुपारपर्यंत हात जातो,” म्हणाल्या. मी ओटा तोडून घ्यायचा विचार करत होते, तेवढ्यात त्यांनी घरून एक जाड सागवानी पाट आणला, त्याला खालून सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठोकून घेतले म्हणजे सरकायला नको, आणि त्यावर उभ्या राहिल्या. अजून त्याच पाटावर उभ्या असतात.

साबुदाणा बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमकडून येतो, टॅपिओकाच्या कंदाच्या सत्त्वाचा. प्रत्येक पोतं सारखं भिजत नाही. नवीन पोतं फोडलं की मावशी आधी वाटीभर भिजवून बघतात आणि मग त्या पोत्याला पाणी किती ते ठरवतात. रात्री साबुदाणा तीनदा धुवायचा, पाणी पांढरं यायचं थांबेपर्यंत. ती पांढरी भुकटी राहिली की खिचडीचा गोळा झालाच म्हणून समजा. मग पाणी निथळून साबुदाण्याच्या पातळीला टेकेल इतकंच नवं पाणी. सकाळी दाणा बोटांत दाबायचा. पूर्ण चिरडला पाहिजे, मधे कण लागता कामा नये. कण लागला तर पाण्याचा हबका मारून अर्धा तास झाकायचं. उलट फार ओला वाटला तर पंचावर पसरायचा. त्यानंतर दाण्याचं जाडसर कूट, मीठ, साखर हे सगळं कच्च्या साबुदाण्यालाच चोळून ठेवायचं. कुटातलं तेल दाण्याला लागतं आणि दाणे एकमेकांना धरत नाहीत. तुपात जिरं-मिरची तडतडली, बटाटा शिजला की मग साबुदाणा. तो काचेसारखा दिसू लागला की गॅस बंद, झाकण एका वाफेपुरतं. बटाटा असावा की नसावा, यावर आमच्या दुकानात वादावादी झालेली आहे. मी त्यात पडत नाही.

एवढं सगळं नीट केलं तरी खिचडी थांबत नाही. अर्ध्या-पाऊण तासात ती आळते आणि पुन्हा तापवली की चिवट होते. मोठ्या कढईत सकाळी आठला करून ठेवावी आणि बारापर्यंत वाढावी, हे हॉटेलाच्या दृष्टीने सोयीचं. मावशींनी ते कधी मानलं नाही. त्या पाच-सहा बशांचा एक घाणा करतात, संपत आला की दुसरा. काकांना अकरा वाजता मिळणारी मोकळी खिचडी म्हणजे पावणेअकराचा घाणा. त्यासाठी एक बाई सकाळभर त्या पाटावरून खाली उतरत नाही. संकष्टीला आणि आषाढी-कार्तिकीला तर विचारायलाच नको.

मी काकांचा परिच्छेद त्यांना वाचून दाखवला आणि उत्तरात त्यांचं नाव घालू का, असं विचारलं. कढई खरवडत म्हणाल्या, “नाव कशाला? मावशी लिहा.”

‘कोणी उठवत नाही’ या कौतुकाशी मी जरा अडखळले. पहिलं म्हणजे ते पूर्ण खरं नाही. रविवारी सकाळी आठ ते अकरा पायऱ्यांवर माणसं उभी असतात, त्या वेळी आम्ही कॉफीबरोबरच बिल ठेवतो आणि रेंगाळणाऱ्यांकडे बघतोही. काका रविवारी येत नाहीत, त्यामुळे त्यांनी ते पाहिलेलं नाही. दुसरं असं, की इतर दिवशी कोणी उठवत नाही यात माझा मनाचा मोठेपणा कमी आणि भाड्याचा आकडा जास्त आहे. चाळीस रुपयांची कॉफी घेऊन तासभर अडलेलं टेबल या भागातल्या चालू भाड्यात परवडत नाही. कोणत्याही कॅफेवाल्याने आकडेमोड करून बघावी.

आम्हाला परवडतं ते जागामालकीण आजींमुळे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. महाराष्ट्रात हॉटेलांत बसून खायला परवानगी मिळाली ती ५ ऑक्टोबरला, तीही निम्म्या गिऱ्हाइकांपुरती. त्या मधल्या महिन्यांत आम्ही पार्सल दिलं, पण कॉफी पार्सल नेणारे असून असून किती असणार? भाडं कसं द्यायचं, हे बोलायला मी जिना चढून वर गेले. आजी दाराच्या आतूनच म्हणाल्या, “भाड्याचं राहू दे. सकाळची कॉफी वर पाठवत जा. आणि माणसं कमी करू नकोस, पुन्हा अशी मिळायची नाहीत.” दुकान उभं राहिल्यावर मी थकलेली रक्कम घेऊन गेले, तर त्यांनी निम्मी घेतली आणि पुढचा करार जुन्याच दराने केला. मावशी, काउंटरवरची मुलगी, टेबलं बघणारा मुलगा, सगळे टिकले ते त्या जिन्यावरच्या संभाषणामुळे. सकाळची कॉफी अजून वर जाते, आजींना ती बिनसाखरेची लागते. आणि काका खिडकीपाशी पेपर संपेपर्यंत बसतात, ते एका अर्थी आजींच्या पैशाने.

आता ती मंगळवारची दुपार. मी त्या दिवशी बाजारात होते, म्हणजे इथे तर मी साक्षीदारही नाही.

टेबलं बघणारा आमचा मुलगा जालन्याकडचा, मुक्त विद्यापीठातून बी. ए. करतो. काकांच्या लिहिण्यावरून आणि मग त्याला विचारून जे कळलं ते असं. काकांचा उजवा हात त्या सुमारास कापायला लागला होता. कॉफी आमच्या पद्धतीप्रमाणे पेला-वाटीत आली. ती भांडी दिसायला देखणी, पण पेला हलका असतो, काठापर्यंत भरलेला असतो आणि त्याची कड भाजते. पहिल्या खेपेला निम्मी कॉफी वाटीत सांडली. काकांनी पेला सरकवून ठेवला आणि पेपर उघडला. मुलाने काही विचारलं नाही. थोड्या वेळाने ताकासाठीचा जाड बुडाचा काचेचा ग्लास घेतला, त्यात अर्ध्याच्याही खाली कॉफी ओतली, कागदी रुमालाची घडी भोवती गुंडाळली आणि तो काकांच्या डाव्या हाताशी ठेवला. उरलेली कॉफी आत झाकून गरम पाण्यात ठेवली होती. पहिली संपल्यावर ग्लास उचलून नेला आणि पुन्हा तेवढीच आणली. बिल एका कॉफीचं. काकांनी लिहिलंय की शेजारच्या टेबलाला यातलं काही कळलं नाही, आणि त्यांना सगळ्यात जास्त तेच आवडलं.

मी त्याला विचारलं, तुला हे सुचलं कसं? तो म्हणाला, “माझ्या आज्याचा हात बी असाच हलतो. घरी त्याला चहा अर्धाच देतो आम्ही. भरून दिला तर पीतच नाही, गार झाला म्हणतो आणि ठेवून देतो.” म्हणजे हे कौतुक मुलाकडून आणखी मागे, जालन्याकडच्या एका घरात जातं.

उत्तर लिहिताना माझं पेन सगळ्यात जास्त थांबलं ते इथे. वही उघडी असते, कोणीही चाळतं. काकांनी आपल्या हाताबद्दल स्वतः लिहिलं, तो त्यांचा अधिकार. मी त्याच पानावर ते पुन्हा लिहिलं, तर ती त्यांच्या हाताची हकीकत न राहता आमच्या माणुसकीची जाहिरात होणार. ज्या गोष्टीचं मोल शेजारच्या टेबलाला कळलं नाही यात होतं, ती मी पानावर मांडून सगळ्या टेबलांना सांगायची? बरं, गाळून टाकावी तर ज्या मुलाने केलं त्याचंच खातं कोरं राहतं. शेवटी वार लिहिला, वेळ लिहिली आणि काय झालं ते काका जाणतात म्हणून सोडून दिलं. मुलाला त्या पानाचा फोटो घरी पाठवायचा होता. मी त्याला म्हटलं, काकांना विचार. त्याने विचारलं, त्यांनी हो म्हटलं, मगच पाठवला.

पहिल्या खर्ड्यात अण्णा आणि त्यांचं पाणी यांनीच पान भरून गेलं. दुसऱ्यात मी ‘आम्ही’ फार वेळा लिहिलं होतं, तेवढे खोडले. वहीत गेलं ते हे:

‘काका, सप्रेम नमस्कार.

तुमची दोन्ही पानं दुकानातल्या सगळ्यांनी वाचली. मावशींना मी वाचून दाखवली.

कॉफीबद्दल तुम्ही लिहिलंत ते पोचवायला हवं होतं अण्णांना. पुण्यातल्या उडुपी हॉटेलांत आयुष्यभर कॉफी केलेले हे गृहस्थ सुरुवातीला रोज सकाळी येऊन आम्हाला शिकवत. ते आता नाहीत. त्यांनी शिकवलेली मुलगी काउंटरवर असते, तिला सांगितलं. खिचडी मावशींची. साबुदाण्याला कूट आधी चोळायचं आणि पाच-सहा बशांहून मोठा घाणा करायचा नाही, हे दोन्ही नियम त्यांचे.

निवांत बसता येतं ते वरच्या आजींच्या कृपेने, त्यांनाही तुमचा निरोप दिला. रविवारी सकाळी मात्र गर्दी असते आणि आम्ही बिल लवकर ठेवतो. तुम्ही आलातच त्या दिवशी, तर हे ठाऊक असावं.

मंगळवारी दुपारी तुमचं टेबल ज्याने बघितलं, त्याला तो परिच्छेद दोनदा वाचायला दिला. त्याने तो तिसऱ्यांदा मागून घेतला.

हातांच्या खुर्चीचा वेत खचला होता, विणायला दिली आहे. येत्या गुरुवारपर्यंत कोपऱ्यात परत येईल.

तुमची,
ताई’

वही बंद करायच्या आत मावशी पाटावरून उतरून आल्या. त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर जुळवत आपल्यापुरत्या दोन ओळी वाचल्या आणि माझ्याकडे बघितलं.

“कूट आधी चोळायचं, हे कशाला लिहिलं?” त्या म्हणाल्या. “आता घरी करून खातील.”